वटपौर्णिमेच्या आधी ज्येष्ठ वद्य

लग्नपत्रिकेत मजकूर असतो तरी किती? वर गणपती आणि कुलदैवत, मग नवरा-नवरी, त्यांचे आईवडील, गावं, तिथी-तारीख-मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, खाली निमंत्रकांची रांग आणि कोपऱ्यात एखाद्या भाचीचं ‘आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ सगळं मिळून दीडशे-दोनशे शब्द. पण जाड कादंबऱ्यांची प्रुफं वाचलेला माणूसही पत्रिका हातात आली की जरा सरसावून बसतो. कादंबरीतलं वाक्य चुकलं तर अर्थ अडखळतो आणि त्या अडखळण्यावरूनच चूक सापडते. पत्रिकेत वाक्य जेमतेम एक. बाकी सगळी नावं आणि आकडे. ‘कुलकर्णी’च्या जागी ‘कुळकर्णी’ पडलं तर काहीही अडखळत नाही, कारण दोन्ही आडनावं खरी आहेत. ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ पडलं तरी शुद्धलेखन निर्दोषच राहतं. फक्त एक चालताबोलता माणूस कागदावर वारलेला असतो.

म्हणून पत्रिका वाचणारे शुद्धलेखनाच्या पलीकडे आणखी एक काम करतात. पत्रिकेतली प्रत्येक माहिती बहुधा दोन-तीन ठिकाणी आलेली असते. नावं पाकिटावर असतात आणि आतही असतात. वडिलांचं आडनाव मजकुरात येतं, पुन्हा ‘आपले नम्र’च्या खाली येतं. लग्नाचा दिवस तर एकाच ओळीत तिनदा सांगितलेला असतो. आधी मिती आणि शके, मग वार, मग इंग्रजी तारीख. या जागा एकमेकींशी लावून बघायच्या. जुळल्या नाहीत तर कुठेतरी गडबड आहे, एवढं नक्की कळतं. गडबड नेमकी कुठे, ते मात्र विचारावं लागतं.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते दाखवण्यासाठी पुढे एक गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे, त्यातल्या तिथी आणि तारखा मात्र पंचांगातल्या खऱ्या आहेत.

२०२५ सालच्या एप्रिलचा पहिला आठवडा. पुण्यात शनिवार पेठेतला एक छोटा छापखाना. वर्षभर हँडबिलं आणि पावतीपुस्तकं छापणाऱ्या या जागेत लग्नसराईत पत्रिकांचे गठ्ठे लागतात. प्रुफं वाचायला एक बाई येतात. शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. पत्रिका होती पुण्याची मुलगी आणि इंदूरचा मुलगा यांच्या लग्नाची. लग्न पुण्यात, बुधवार, १४ मे २०२५ रोजी. मजकूर मुलीच्या वडिलांनी मोबाइलवर पाठवला होता, पण त्यातला मुहूर्ताचा भाग इंदूरहून व्याह्यांनी लिहून पाठवलेला, जसाच्या तसा पुढे ढकललेला.

पहिलं प्रूफ आलं तेव्हा ते नेहमीसारखं होतं. डीटीपी करणाऱ्या मुलाने मागच्या वर्षीच्या एका पत्रिकेची फाइल उघडून तिच्यातच नवा मजकूर भरला होता. सगळ्याच छापखान्यांत असं करतात, त्यात वेळ वाचतो. पण जुन्या पत्रिकेचे अवशेष मागे राहतात. इथे वार ‘मंगळवार’ राहिला होता, कारण २०२४ मध्ये १४ मेला मंगळवार होता. साध्या वर्षात तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. त्यामुळे वार एकाने मागे दिसला की बाईंना जुन्या फाइलचा वास येतो. शकाचा आकडाही ‘१९४६’च होता. ही चूक मात्र एकट्या फाइलची नव्हती. मजकूर लिहिला गेला तेव्हा गुढीपाडवा व्हायचा होता आणि शके १९४६च चालू होतं. पाडवा झाला ३० मार्चला, शके १९४७ लागलं. पत्रिकेवर शक लागतो तो लग्नाच्या दिवशीचा, मजकूर लिहिण्याच्या दिवशीचा नव्हे. हिशेब सोपा आहे. पाडव्यानंतरच्या तारखेला इसवी सनातून ७८ वजा करायचे, १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. फेब्रुवारीतल्या लग्नांच्या पत्रिकांत या एका आकड्याची चूक हमखास सापडते.

आणखी एक दुरुस्ती बाईंनी केली. ती पुढे महागात पडायची होती. मुलगी घरातली मोठी, मुलगाही मोठा. प्रुफात दोघांनाही ‘जेष्ठ’ लिहिलं होतं. ‘जेष्ठ कन्या’, ‘जेष्ठ चिरंजीव’. बाईंनी दोन्हीकडे य जोडून ‘ज्येष्ठ’ केलं आणि प्रूफ परत दिलं.

दुसरं प्रूफ संध्याकाळी आलं. सकाळी स्क्रीन तयार करायची होती. आजही बऱ्याच पत्रिका स्क्रीन प्रिंटिंगवर छापतात, विशेषतः सोनेरी शाई असेल तर. मजकुराची काळी प्रत पारदर्शक कागदावर काढतात. ती रासायनिक लेप दिलेल्या जाळीवर ठेवून उजेड दाखवतात. उजेड लागलेला लेप कडक होतो, काळ्या अक्षरांखालचा मऊ राहून पाण्याने धुऊन जातो, आणि अक्षरांच्या त्या उघड्या जागांतून शाई खाली उतरते. एकदा जाळी तयार झाली की अक्षर बदलता येत नाही, नवी जाळी करावी लागते. कार्डं छापून झाली असतील तर त्याहून वाईट, कारण पत्रिकेत छपाईपेक्षा कोरं कार्डच महाग असतं. मग उरतो स्टिकर. चुकीच्या ओळीवर चिकटवलेला आणि पाहुण्यांनी मुद्दाम उचकटून बघितलेला.

बाईंची सवय अशी की शेवटचं प्रूफ त्या मोठ्याने वाचतात. डोळा ओळखीचा शब्द न वाचताच पुढे जातो, जिभेला मात्र प्रत्येक अक्षरावर थांबावं लागतं. समोर डीटीपीवाला मुलगा मूळ मजकूर मोबाइलवर धरून बसला होता. ‘आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां...’ वाचून झालं. ‘...यांचे ज्येष्ठ चिरंजीव’ वाचून झालं. ‘यांचा शुभविवाह मिती ज्येष्ठ वद्य २, शके १९४७, बुधवार दिनांक १४ मे २०२५ रोजी...’

बाई थांबल्या. एका दमात तीन ज्येष्ठ कानावर पडले होते. मोठा मुलगा, मोठी मुलगी आणि ज्येष्ठ महिना असं त्रिज्येष्ठ लग्न जुनी मंडळी टाळतात. गुरुजींना विचारून तारीख काढलेली असेल तर हा महिना पडायला नको. मानणं न मानणं ज्याचं त्याचं, पण एवढ्यावरून बाईंनी त्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

मुलगा म्हणाला, “बाई, मी चेक केलंय. काकांनी पाठवलंय तसंच आहे. काकांनी मोबाइलवरच्या पंचांगातही बघितलं म्हणे, चौदा मे, ज्येष्ठ, द्वितीया.”

“अरे, पण वटपौर्णिमा कधी असते?”

“जूनमध्ये.”

“ज्येष्ठातली पौर्णिमा ती. शुद्ध पक्ष आधी, मग पौर्णिमा, मग वद्य पक्ष. वटपौर्णिमा व्हायच्या आधी ज्येष्ठ वद्य कुठून आलं?”

भिंतीवर कॅलेंडर होतं. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला, म्हणजे तेव्हा वैशाख शुद्ध ३. बुद्धपौर्णिमा सोमवारी १२ मेला, ती वैशाखी पौर्णिमा. १३ला वद्य प्रतिपदा, १४ला वद्य द्वितीया. महिना अजून वैशाखच. पत्रिकेत छापलेली ‘ज्येष्ठ वद्य २’ ही मिती कॅलेंडरवर शोधली तर ती थेट शुक्रवारी १३ जूनला येत होती. लग्नानंतर बरोबर एक महिन्याने.

मग मोबाइलमधलं पंचांग खोटं होतं का? नव्हतं. चूक कशी झाली ते समजायला महिना कुठे संपतो हे बघावं लागतं. महाराष्ट्रात, तसंच गुजरात, कर्नाटक, आंध्र, तेलंगणात महिना अमावास्येला संपतो. आधी शुद्ध पक्ष, मग वद्य. याला अमान्त पद्धत म्हणतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश या भागांत महिना पौर्णिमेला संपतो. तिथे आधी कृष्ण पक्ष येतो, मग शुक्ल. ही पूर्णिमान्त. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्षात मात्र उत्तरेकडचं नाव आपल्यापेक्षा एक महिना पुढे पळतं. आकाशात चंद्र तोच, तिथीही तीच, फक्त महिन्याच्या नावाची पाटी वेगळी. म्हणून आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला आणि तिकडे तीच रात्र फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला. आपल्या श्रावण वद्य अष्टमीला होणारा कृष्णजन्म तिकडे भाद्रपदात होतो, तोही याच कारणाने.

इंदूरच्या व्याह्यांनी तिकडच्या रिवाजाने ‘ज्येष्ठ कृष्ण २’ लिहून पाठवलं होतं. त्यांच्या जागी ते पूर्ण बरोबर होतं. मुलीच्या वडिलांचा मोबाइलही हिंदी पद्धतीवर लावलेला असणार, म्हणून त्याने त्याला दुजोरा दिला. आणि डीटीपीवाल्या मुलाने साच्यात बसावं म्हणून ‘कृष्ण’चं ‘वद्य’ केलं. खरा घात इथे झाला. ‘ज्येष्ठ कृष्ण’ तसंच राहिलं असतं तर मराठी पत्रिकेत तो शब्द परका दिसला असता आणि कुणीतरी विचारलं असतं. अर्धं मराठी केल्यामुळे ओळ अगदी घरची दिसू लागली. मुलाने सद्‌भावनेनेच केलं. माझ्या मते प्रुफातल्या सगळ्यात चिवट चुका अशा सद्‌भावनेनेच होतात.

आता प्रश्न असा, की चूक दिसली म्हणजे ती बाईंनी सुधारावी का? ‘जेष्ठ’चं ‘ज्येष्ठ’ त्यांनी न विचारता केलं होतं, कारण तिथे दोन मतं नाहीत. मितीचं तसं नव्हतं. व्याह्यांचा आग्रह असेल तर? किंवा लग्नच १३ जूनला असेल आणि तारीख व वार चुकले असतील तर? शक्यता कमी होती, पण शून्य नव्हती. अशा ठिकाणी मुद्रितशोधक समासात प्रश्नचिन्ह करतो आणि ज्याचा मजकूर आहे त्याला विचारतो. बाईंनी फोन लावला.

“साहेब, छापखान्यातून बोलतेय. तारीख चौदा मे, बुधवार, हे नक्की ना?”

“हो, हो. कार्यालय बुक आहे चौदाचं.”

“मग मितीत वैशाख वद्य द्वितीया हवी. पत्रिकेत ज्येष्ठ आलंय.”

“अहो बाई, मी स्वतः मोबाइलवर बघितलंय. ज्येष्ठच दाखवतो.”

“दाखवत असेल. तो तिकडचा ज्येष्ठ. तुमच्या गुरुजींना एकदा विचारता का? मी थांबते.”

फोन करताना एक बारकावा बाईंनी पाळला. आधी तारीख पक्की करून घेतली, मग मिती काढली. उलट क्रमाने विचारलं असतं, ‘मिती चुकलीय का हो?’, तर लग्नघरातला माणूस घाबरून आधी मुहूर्तच तपासायला लागला असता. दहा मिनिटांनी उलटा फोन आला. गुरुजी म्हणाले होते, वैशाखच. वर असंही म्हणाले होते, की दोघंही थोरली असताना मी ज्येष्ठातला मुहूर्त देईन का?

“पण आता व्याह्यांना कसं सांगू? त्यांनीच लिहून पाठवलेलं,” वधूपित्याचा आवाज जरा बारीक झाला होता.

“त्यांना काही सांगायचं कारण नाही. त्यांच्या पत्रिकेत त्यांचं बरोबर आहे. आपल्या पत्रिकेत आपलं.”

बाईंनी समासात ‘वैशाख’ लिहून प्रूफ मुलाच्या हाती दिलं. रात्रीचे आठ वाजत आले होते. मुलाने संगणकावर शब्द शोधून बदलण्याची आज्ञा दिली, ‘ज्येष्ठ’च्या जागी ‘वैशाख’, सगळीकडे. दोन सेकंदांत काम झालं. प्रिंट काढून त्याने समोर ठेवली आणि गाडीची किल्ली उचलली.

दुरुस्तीनंतर फक्त दुरुस्त केलेला शब्द बघायचा, हा मोह मोठा असतो. बघितला, बरोबर आहे, झालं. पण दुरुस्ती करताना शेजारची अक्षरं हलतात, ओळी खालीवर होतात. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये तर जोडाक्षर फुटून भलतंच चिन्ह उमटतं, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे वेगवेगळ्या कळांवर बसवलेले असतात. म्हणून जाणते लोक निदान तो परिच्छेद तरी पुन्हा वाचतात. पत्रिका एवढीशी असल्यामुळे बाई ती सगळीच वाचतात. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

‘आमची वैशाख कन्या...’

मुलगा दारातच थबकला.

‘...यांचे वैशाख चिरंजीव...’

मितीची ओळ मात्र अगदी बरोबर होती. वैशाख वद्य २, शके १९४७, बुधवार. तेवढीच ओळ तपासली असती तर सकाळी वैशाख कन्या आणि वैशाख चिरंजीव सोनेरी शाईत छापून निघाले असते. गंमत अशी, की पहिल्या प्रुफातलं ‘जेष्ठ’ बाईंनी तसंच राहू दिलं असतं तर ही दोन्ही नावं वाचली असती. संगणकाने फक्त शुद्ध लिहिलेले ज्येष्ठ बदलले होते.

मुलगा हसून हसून खाली बसला. मग त्याने दोन्ही ठिकाणी हाताने ‘ज्येष्ठ’ टाइप केलं, नवी प्रिंट काढली. या वेळी वाचन त्याने केलं आणि मूळ मजकूर बाईंनी धरला. वाचणारा बदलला की तीच ओळ वेगळ्या कानाने ऐकली जाते. त्या खेपेला एक किरकोळ गोष्ट निघाली. निमंत्रकांच्या यादीत एका काकांच्या नावापुढचा पूर्णविराम राहिला होता. मग पाकिटावरची नावं आतल्या नावांशी लावून बघितली. कार्यालयाच्या नकाशासाठी छापलेला क्यूआर कोड मोबाइलने उघडून बघितला. हीही आता प्रुफाचीच बाब झाली आहे. तो चौकोन डोळ्यांना वाचता येत नाही आणि जुन्या फाइलमधून आला असेल तर पाहुणे मागच्या वर्षीच्या कार्यालयात पोहोचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वधूपिता सहीला आले. छापखान्याचा नियम असा, की शेवटच्या प्रुफावर ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून गिऱ्हाइकाची सही आणि तारीख घ्यायची, त्याशिवाय जाळी तयार करायची नाही. फोनवरच्या ‘चालेल, छापा’वर छापखाने विश्वासत नाहीत. आठ दिवसांनी तोच माणूस ‘मी कुठे हो म्हटलं होतं?’ असं विचारतो, याचा अनुभव त्यांच्या गाठीला असतो. बाईंनी त्यांना सांगितलं, तुम्ही वाचू नका, तुम्हाला आता सगळं पाठ झालंय. बरोबर आलेल्या धाकट्या भावाच्या हाती त्यांनी प्रूफ दिलं आणि सगळी नावं मोठ्याने वाचायला लावली. घरच्या माणसाखेरीज कुणालाच न कळणारी चूक तीच असते. आत्याचं सासरचं आडनाव, आजोबांच्या नावापुढचं श्री. की कै., कोण आधी आणि कोण नंतर. भावाने वाचलं, काही निघालं नाही. सही झाली.

इंदूरच्या पत्रिका तिकडेच छापल्या गेल्या. त्यांतली एक नमुन्यादाखल पुण्याला आली, तेव्हा वधूपिता ती घेऊन पुन्हा छापखान्यात हजर. मिती होती ‘ज्येष्ठ कृष्ण २, संवत २०८२’.

“बाई, यांना कळवू का? की तुमच्याकडे महिना चुकलाय?”

बाईंनी पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली. महिना तिकडच्या रीतीने बरोबर होता. विक्रम संवतही बरोबर होता. वार, तारीख जुळत होते.

“महिन्याचं काही कळवू नका,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या पिन कोडचा एक आकडा कमी पडलाय बघा. तेवढं सांगा, अजून छापत असतील तर.”